विसरलेला शॉट कुठे असतो

प्रश्न: मी एका चित्रपट संकलकावर लघुकथा लिहीत आहे. रात्री उशिरा त्याला एक विसरलेला शॉट सापडतो आणि त्यामुळे सगळेच बदलते. प्रत्यक्षात असे घडते का? असा शॉट कुठे सापडू शकतो, आणि कथेचा शेवट कसा करावा?

घडते. माझ्या टेबलावर घडलेले आहे, आणि त्या शॉटचे श्रेय आजतागायत भलत्याच माणसाच्या नावावर जमा होत असल्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

संकलक रात्री एकटाच बसून जुने फुटेज चाळत आहे आणि अचानक पडद्यावर काहीतरी दिसून तो खुर्चीतून उठतो, असे चित्र रंगवण्याची पद्धत आहे. ते चित्र खोटे आहे. निवडलेले टेक संकलकाने इतक्या वेळा पाहिलेले असतात की त्यांतली एखादी फ्रेम त्याच्या नजरेतून सुटली असे सहसा होत नाही. शॉट विसरला जातो तो कागदावर. ज्या शॉटला क्लॅप नाही, दृश्य क्रमांक नाही आणि सोबत आवाजही नाही, तो कोणत्याच यादीत चढत नाही. आणि जो यादीत नाही, तो संकलकाच्या मशीनपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून तुमच्या कथेतला शॉट कोणत्या यादीतून गळला आणि का गळला, हे आधी ठरवा. बाकीचे त्यामागून येईल.

आमचा चित्रपट मराठी, छोट्या बजेटचा आणि 35 मिलिमीटर निगेटिव्हवर चित्रित केलेला होता. 2000 नंतरच्या पहिल्या दशकातली ही गोष्ट आहे. निगेटिव्ह लॅबमध्ये धुतली जायची, मग टेलिसिने होऊन, म्हणजे फिल्मवरचे चित्र व्हिडिओवर उतरवून, तिच्या बीटा कॅसेट आमच्याकडे यायच्या आणि त्या कॅसेटवरून आम्ही संगणकात कॅप्चर करायचो. त्या कॅसेट वाजवणारा बीटा डेक भाड्याने आणावा लागे आणि हार्डडिस्कवरची जागा तेव्हा महाग होती, त्यामुळे कंटिन्युइटी शीटवर ज्या टेकपुढे ‘ओके’ लिहिलेले असेल तेवढेच टेक, तेही क्लॅपपासून ‘कट’पर्यंत, कॅप्चर व्हायचे. ‘एनजी’ म्हणजे नापास टेक कॅसेटवरच राहायचे. क्लॅपच्या आधी आणि ‘कट’च्या नंतर कॅमेऱ्याने जे काही टिपलेले असे, त्याचीही तीच गत होती. डेक परत गेला की त्या कॅसेट कपाटात जात आणि पुन्हा कोणी त्यांच्याकडे बघत नसे.

चित्रपटाचा विषय जमिनीच्या विक्रीचा होता. मुलाला शहरात धंदा टाकायचा आहे, वडिलांचा जीव जमिनीत अडकलेला आहे आणि आई सबंध चित्रपटभर जवळजवळ गप्प आहे. उत्तरार्धात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातले मोठे दृश्य होते. वडील आत येतात, टेबलाशी बसतात, कारकून खरेदीखत पुढे सरकवतो, वडील सही करतात, त्यांचे डोळे भरून येतात, शिक्का पडतो. आई मागे बाकावर बसलेली. मूळ पटकथेत संमती देणार म्हणून तिनेही दस्तावर अंगठा उठवायचा होता आणि तसा एक टेक घेतलाही होता, पण त्यात दृश्य रेंगाळते म्हणून दिग्दर्शकाने तो भाग तिथल्या तिथे गाळला आणि पुढचे सगळे शॉट वडिलांच्या प्रवेशापासून घेतले. हा तपशील लक्षात ठेवा, कारण त्या टेकमुळे अभिनेत्रीच्या अंगठ्याला शाई लागलेली होती आणि ती काही केल्या निघत नव्हती.

पहिली जुळणी झाल्यावर दृश्य नीट वाटत होते, चित्रपट मात्र बसत नव्हता. पाहणाऱ्यांना वडिलांची कीव येत होती, मुलाचा राग येत होता, आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटे आधीच ठरलेल्या निकालाची वाट पाहण्यात जात होती. ही तक्रार प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत करायचा. कोणी म्हणायचे गती कमी आहे, कोणी म्हणायचे संगीत वाढवा. संकलकाने अशा वेळी उपाय सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे आणि ते नेमके कोणत्या मिनिटाला खुर्चीत हलले तेवढे टिपून ठेवावे. आमच्याकडचे लोक सहीच्या दृश्यानंतर हलत होते.

आम्ही रात्री काम करत होतो याला कलेचे काही कारण नव्हते. रात्रीची शिफ्ट स्वस्त पडते. त्या रात्री खोलीत डेक होता तोही प्रोमोचे शॉट सकाळपर्यंत चांगल्या दर्जात कॅप्चर करून द्यायचे होते म्हणून. वडिलांच्या क्लोजअपचे दोन टेक मला जोडायचे होते आणि त्यांत पेन धरलेला हात वेगवेगळ्या जागी होता. मध्ये टाकायला दोन सेकंदांचे काहीही चालले असते: पंखा, भिंत, कारकुनाचा चष्मा. कंटिन्युइटी शीटवर असले काही नव्हते, म्हणून मी कॅमेरा असिस्टंटचे रिपोर्ट काढून बसलो.

सांगण्यासारखी गोष्ट इथे सुरू होते, आणि तुमच्या कथेत ही पायरी गाळू नये असे मला वाटते. सेटवरून दोन स्वतंत्र कागद येतात. कंटिन्युइटी शीट दिग्दर्शन विभागाचे असते आणि त्यात कोणता टेक कसा झाला हे लिहिलेले असते. कॅमेरा रिपोर्ट कॅमेरा विभागाचा असतो आणि त्यात कोणत्या रोलवर किती फूट निगेटिव्ह खर्ची पडली याचा हिशेब असतो. हे दोन कागद शेजारी ठेवून बेरीज करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. त्या 400 फुटी रोलवर शीटप्रमाणे सगळे टेक मिळून 350 फूट होत होते. रिपोर्टमध्ये मात्र 390 फूट चालल्याचे लिहिलेले होते. चाळीस फुटांचा हिशेब लागत नव्हता. 35 मिलिमीटरमध्ये सेकंदाला दीड फूट फिल्म जाते, म्हणजे सुमारे सत्तावीस सेकंद कॅमेरा चालू होता आणि त्या वेळात त्याने काय पाहिले हे कोणत्याच यादीत नव्हते.

ती कॅसेट डेकमध्ये घातली आणि शेवटच्या टेकच्या ‘कट’नंतर थांबवलीच नाही. आधी काही सेकंद फोकस नसलेली भिंत आणि कॅमेरा वळल्याचा हिसका. मग चित्र स्पष्ट झाले. आई बाकावर बसलेली आहे, मागे भिंतीवर मुद्रांक शुल्काची पाटी आहे, आणि ती पदराच्या टोकाने अंगठ्यावरची निळी शाई पुसते आहे. पुसते, अंगठा उजेडात धरून पाहते, पुन्हा पुसते. मग मान वर करून फ्रेमच्या डाव्या बाजूला कोणाकडे तरी क्षणभर बघते आणि पुन्हा खाली बघते. पुढे रोलचे टोक उजेड लागून पांढरे पडत गेले आहे. कामाला येण्यासारखा भाग नऊ-दहा सेकंदांचा होता. त्यातला चार सेकंदांहून थोडा अधिक भाग शेवटी चित्रपटात राहिला.

कॅमेरा असिस्टंटला नंतर फोन करून विचारले. चाळीस फुटांत पुढचा टेक बसत नव्हता आणि एवढा तुकडा कापून जपून ठेवण्यातही अर्थ नव्हता, म्हणून कॅमेऱ्यावरची फिल्मची पेटी, म्हणजे मॅगझिन, उतरवण्यापूर्वी त्याने तो चालवून टाकला होता. लेन्स जिकडे वळलेली होती तिकडे आई बसलेली दिसली, त्याने फोकस लावला, एवढेच. त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने कोणाला विचारले नव्हते.

आता हा शॉट वडिलांच्या सहीनंतर लावला तर त्याचा अर्थ फार नाही. सगळे संपले आणि बाई हात पुसते आहे. मी तो आधी तसाच लावून पाहिला आणि तो खरोखरच निरुपयोगी होता. मग तो वडील आत येण्यापूर्वी लावला. वडील अजून दारातही नाहीत आणि आईच्या अंगठ्याला शाई आहे. म्हणजे तिने आधीच संमती दिलेली आहे. म्हणजे हा सौदा मुलाने बापाच्या गळी उतरवलेला नाही. तो तिने ठरवलेला आहे, आणि नवऱ्याला ते सर्वांत शेवटी कळते आहे. एकही संवाद न बदलता दीड तासाची गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली.

ती कोणाकडे बघते हा प्रश्न उरला होता. माझी पहिली इच्छा होती की तिने टेबलाकडे, नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावे. पण टेबल तिच्या उजवीकडे होते आणि ती डावीकडे बघत होती. अशा वेळी शॉट आडवा उलटवून घेण्याची सोय असते, पण मागच्या पाटीवरची अक्षरे उलटी झाली असती आणि पदरही भलत्या खांद्यावर गेला असता. डावीकडे दारात मुलगा उभा होता. त्याचा एक शॉट माझ्याकडे होता, ज्यात तो उजवीकडे बघून कारकुनाच्या प्रश्नाला होकारार्थी मान हलवतो. कारकून उजवीकडे, आईही उजवीकडे. आईच्या शॉटला लागून तो लावल्यावर मुलगा आईला मान हलवून सांगू लागला की बाबा आले. माझ्या इच्छेपेक्षा पाटीने सुचवलेली जोडणी कितीतरी चांगली निघाली.

त्यानंतरच्या दुरुस्त्या किरकोळ, पण टाळता न येणाऱ्या होत्या. कार्यालयातून बाहेर पडताना आईने कापडी पिशवी धरलेली आहे, आणि त्या शॉटच्या सुरुवातीला तिचा अंगठा स्वच्छ दिसतो, कारण तो शॉट आदल्या दिवशी घेतलेला होता. तिथे चौदा फ्रेम कापाव्या लागल्या. शॉटला आवाज नव्हता, म्हणून त्याच दृश्यातला पंख्याचा आणि बाहेरच्या टाइपरायटरचा आवाज खाली पसरवला. संगीत घालण्याची सूचना आली आणि ती मी अजिबात मानली नाही. प्रेक्षकाने अंगठा पाहून स्वतः हिशेब मांडायचा असेल, तर त्याच वेळी सारंगीने त्याच्या कानात उत्तर सांगू नये.

जुनी दृश्ये मात्र हात न लावताच बदलली. सुरुवातीला आई ट्रंकेतून सातबारा काढून न्याहाळते, ते पूर्वी जमिनीवरची माया वाटत होते. आता ती क्षेत्र आणि नावे तपासते आहे असे दिसू लागले. माय-लेक रात्री चुलीपाशी कुजबुजतात ते दृश्य निरर्थक म्हणून काढून टाकले होते. ते परत घ्यावे लागले.

आणि एक दृश्य मरावे लागले. सहीच्या दुसऱ्या दिवशी आई मुलावर तुटून पडते, ‘तूच विकायला लावलीस’ असे ओरडते, असे चार मिनिटांचे भांडण होते. अभिनेत्रीचे ते सर्वांत जोरकस काम होते आणि त्यासाठी दोन दिवसांचे चित्रीकरण खर्ची पडले होते. नव्या जुळणीत ते ठार खोटे वाटू लागले. दिग्दर्शकाचे म्हणणे होते की ठेवा, ती नाटक करते आहे असे लोक समजतील. आम्ही दोन्ही प्रती करून निर्मात्याला आणि त्याच्या घरच्या माणसांना दाखवल्या. भांडण असलेल्या प्रतीत लोकांनी अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही. शाईचे काहीतरी चुकून राहिले असावे असे त्यांना वाटले. बाई जोरात ओरडते तेव्हा प्रेक्षक तिचे ऐकतो आणि चार सेकंदांचा शॉट विसरतो. दृश्य गेले, आणि त्यावरून आमच्यात जे बिनसले ते आजही सुधारलेले नाही.

त्यानंतर हे दिग्दर्शक गृहस्थ ठिकठिकाणी सांगत आले आहेत की तो अंगठा पटकथेपासून त्यांच्या डोक्यात होता. मी भांडायला गेलो नाही, पण इथे विषय निघालाच आहे तर विचारतो. डोक्यात होता, तर शॉटला क्लॅप का नाही? कंटिन्युइटी शीटवर एक ओळ का नाही? अंगठ्याचा टेक तुम्हीच का गाळला? आणि आईनेच जमीन विकली हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होते, तर ते मुलावर खापर फोडणारे भांडण दोन दिवस राबून कशासाठी चित्रित केले? दिग्दर्शकाने शॉट स्वीकारला, हे त्याचे योगदान आहे आणि ते मोठे आहे. शोधल्याचा दावा मात्र त्याने करू नये.

अभिनेत्रीचे म्हणणे याहून प्रामाणिक होते. डबिंगच्या वेळी तिने तो शॉट प्रथमच पाहिला आणि विचारले, “हे कधी घेतलंत?” सांगितल्यावर हसून म्हणाली, “अहो, मी शाई काढत होते. जेवणाची सुट्टी झाली का ते बघत होते.” ज्या नजरेवर चित्रपट उभा राहिला, ती जेवणाच्या डब्यांसाठी होती. एकच चेहरा वेगवेगळ्या शॉटशेजारी ठेवला की त्यावर वेगवेगळे भाव दिसतात, हा कुलेशॉव्हचा प्रयोग तुम्ही वाचलेला असेलच, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

माझी गोष्ट एकटीच नाही, हे दाखवायला एक नोंदलेले उदाहरण देतो. दिग्दर्शक कोपोलाच्या 1974 सालच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या चित्रपटामध्ये चोरून ध्वनिमुद्रित केलेले एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते: संधी मिळाली तर तो आपल्याला ठार मारील. त्याचा संकलक आणि ध्वनिसंयोजक वॉल्टर मर्च याने स्वच्छ आवाज हवा म्हणून कलाकारांकडून ते संवाद वेगळे मुद्रित करून घेतले, आणि त्यात एका खेपेला नटाने जोर ‘ठार’ऐवजी ‘आपल्याला’वर दिला. तो चुकीचा म्हणून बाजूला ठेवला होता. पुढे शेवटच्या टप्प्यात मर्चने तोच चुकीचा उच्चार चित्रपटाच्या अखेरीस लावला, आणि ज्यांना आपण बळी समजत होतो ते मारेकरी ठरले. तिथे आवाज होता, इथे चित्र. पण टाकून दिलेला तुकडा वेगळ्या जागी लावल्यावर आधीचे सगळे पुन्हा तपासावे लागते, हा व्यवहार एकच आहे.

काही गोष्टी मान्य करायला हव्यात. मी सांगितले ते निगेटिव्हच्या काळातले आहे. आता चित्रीकरण कार्डवर होते, सगळेच कॉपी होते आणि उरलेले फूट चालवून टाकण्याचा प्रश्न येत नाही. तरीही क्लॅप नसलेली आणि आवाज नसलेली क्लिप आजही तशीच हरवते. सहायक आवाज जुळवून दृश्यांप्रमाणे बिन, म्हणजे क्लिपचे फोल्डर, लावतो आणि कॅमेऱ्याने दिलेले A004C017 एवढेच नाव असलेली क्लिप एखाद्या ‘इतर’ नावाच्या बिनमध्ये पडून राहते. तुमची कथा आजची असेल तर शोध तिथे घ्या. शिवाय सापडलेला प्रत्येक शॉट कामाचा नसतो. बहुतेक वेळा चांगला शॉट सापडतो आणि तो कुठेच बसत नाही, हे मी आधी लिहायला हवे होते. आणि मी दिग्दर्शकांबद्दल कडक बोललो असलो, तरी चित्रित करताना स्वतः भांडण गाळून टाकणारे दिग्दर्शकही मी पाहिलेले आहेत.

शेवटाचे विचारता, तर मी लेखक नाही. एवढे सांगतो की शॉट सापडतो तिथे कथा संपवू नका. त्यानंतर कोणाचे दृश्य मरते आणि ते कोणाला सांगावे लागते, तिथे तुमच्या संकलकाची खरी परीक्षा आहे. शॉट निगेटिव्हवरचा असेल तर त्याला सकाळी पहिला फोन लॅबला करू द्या. कॅसेटवरच्या चित्राखाली निगेटिव्हचा जो ओळख क्रमांक, म्हणजे ‘की नंबर’, छापलेला असतो, तो सांगून रोलचे टोक कोणी कापून फेकले तर नाही ना, हे त्याने विचारले पाहिजे. चित्रपटाची प्रत निगेटिव्हवरूनच निघते, त्यामुळे ते फेकलेले असेल तर कॅसेटवरच्या त्या चार सेकंदांचा काही उपयोग नाही. आम्ही विचारले तेव्हा ते शाबूत होते. आणि कथेत दिग्दर्शकाचे पात्र हवेच असेल, तर त्याला सकाळी दहानंतर आणा.